दर सोमवारी नवीन डिझाइन उघडू नकोस

अगं तुझा डब्याचा मेन्यू दर आठवड्याला बदलतो, पण त्याच्या पोस्टमधले रंग, लोगो, फोन नंबर तर तेच राहणार ना, मग ते कशाला परत परत मांडत बसतेस. कॅनव्हा या डिझाइनच्या अॅपमध्ये 1080 बाय 1350 पिक्सेलची फाइल घे, तिला "मास्टर" नाव दे आणि त्यात फक्त न बदलणारं ठेव, म्हणजे मागचा रंग, वर लोगो, खाली नंबरची पट्टी. मधली जागा रिकामी. मग हे पान पीएनजी म्हणून डाउनलोड करून परत अपलोड कर, दुसऱ्या फाइलमध्ये टाक आणि राइट क्लिक करून बॅकग्राउंड म्हणून सेट कर. आता सगळं मिळून एकच चित्र झालं, त्यामुळे मेन्यू टाइप करताना लोगो चुकून सरकत नाही. नुसतं लॉक केलं तरी चालतं म्हणा, पण घाईत आपणच ते उघडतो.

त्यावर मेन्यूचा टेक्स्ट बॉक्स कायमचा ठेव आणि तो सगळ्यात लांब मेन्यूवर तपासून बघ, "भरली वांगी, ज्वारीची भाकरी, मसालेभात" बसलं की बाकी सगळं बसतं. ओळींमधलं अंतर जरा जास्तच ठेव, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना चिकटतात. दर आठवड्याला तेच पान डुप्लिकेट करायचं आणि मजकूर बदलायचा.

नंबर बदलला तर मात्र मास्टरमध्ये बदलून पीएनजी नव्याने चढवावी लागते, जुन्या पानांवर तो आपोआप बदलत नाही. म्हणून मास्टर डिलीट करू नकोस.