नोटीस कमी करायचं पत्र: दिवस मागू नका, तारीख मागा

*प्रश्न: माझा नोटीस पिरियड 60 दिवसांचा आहे आणि नवीन कंपनीला मी महिना-दीड महिन्यात हवा आहे. नोटीस कमी करण्यासाठी पत्र कसं लिहू? हँडओव्हरचं काय लिहायचं?*

मी अकाउंट्समध्ये आहे. माझं पहिलं पत्र सपशेल आपटलं होतं, तेच आधी सांगतो.

3 जूनला राजीनामा दिला. 60 दिवस 1 ऑगस्टला भरत होते आणि नव्या कंपनीने 15 जुलै दिली होती. मी लिहिलं, ‘करिअरची चांगली संधी आहे, तरी सहकार्य करावे, 12 जुलैला मोकळं करावे.’ मॅडमनी वाचून एवढंच विचारलं, "आणि 20 तारखेचं 3बी कोण भरणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांची अडचण दिवसांची नव्हतीच. जूनचं 3बी, म्हणजे जीएसटीचं मासिक विवरणपत्र, मध्येच लटकेल, ही खरी भीती होती.

म्हणून आधी नव्या कंपनीच्या एचआरला फोन केला आणि जॉइनिंग एक आठवडा पुढे, सोमवार 22 जुलैला मागितलं. ते लगेच मिळालं. (हे बहुतेक जण विचारतच नाहीत.) मग दुसरं पत्र दिलं. आमच्याकडे मेल इंग्रजीतच जातो, मजकूर मराठीत देतो:

> माननीय मॅडम,
>
> माझा राजीनामा 3 जूनचा असून नियुक्तीपत्राप्रमाणे मुदत 1 ऑगस्टला संपते. मला 22 जुलैला नव्या ठिकाणी रुजू व्हायचे आहे, म्हणून शनिवार 20 जुलै हा माझा कामाचा शेवटचा दिवस धरावा, ही विनंती.
>
> कमी पडणाऱ्या 12 दिवसांपैकी 9 दिवस माझ्या शिल्लक अर्जित रजेतून वळते करावेत. उरलेल्या 3 दिवसांचा नोटीस पे नियुक्तीपत्रातील कलमाप्रमाणे अंतिम हिशेबातून कापण्यास माझी संमती आहे.
>
> जूनचा टीडीएस भरणा (7 जुलै), जीएसटीआर-1 (11 जुलै) आणि 3बी (20 जुलै) मी पूर्ण करून जाईन. पहिल्या तिमाहीचे टीडीएस विवरणपत्र 31 जुलैपर्यंत भरायचे आहे. त्याची चलने जुळवलेली शीट 15 जुलैपर्यंत देईन. आपण नेमाल त्या सहकाऱ्याला जूनमध्ये मेचे 3बी भरताना शेजारी बसवून दाखवीन. जुलैमध्ये जूनचे तो भरेल, मी सोबत असेन.
>
> कृपया 20 जुलै या तारखेस लेखी मंजुरी द्यावी.

यातलं शेजारी बसवण्याचं वाक्य सगळ्यात उपयोगी पडलं. नुसतं ‘हँडओव्हर देईन’ म्हटलं की शेवटच्या दिवशी एक एक्सेल फाइल मेल होते आणि ती कोणी उघडत नाही. एक फेरी तुम्ही करून दाखवा, दुसरी त्याला करू द्या. तुमचं काम दुसरं असेल तर त्याचं चक्र शोधा: स्टोअरमध्ये महिनाअखेरची मोजणी, सॉफ्टवेअरमध्ये रिलीज. शेवटचा दिवस त्या चक्रानंतर लगेच टाका.

जुलैची फेरी त्याने केली तेव्हाच एक घोळ सापडला. पोर्टलचा ओटीपी माझ्या मोबाइलवर येत होता! कधीकाळी सोयीसाठी मालकांऐवजी माझाच नंबर टाकलेला. नंबर आणि ईमेल बदलायला पोर्टलवर दुरुस्तीचा अर्ज करावा लागला. नाहीतर नव्या नोकरीत बसून मी दर महिन्याला ओटीपी सांगत राहिलो असतो. तुमच्या नावावर काय काय अडकलंय, बँकेचे अलर्ट, व्हेंडरचे ईमेल, ते एकदा बघून घ्या.

पैशांच्या बाबतीत नियुक्तीपत्राचं नोटीसचं कलम शब्दशः वाचा. वजावट बेसिकवर की ग्रॉसवर, आणि रजा वळती होते की नाही, हे तिथेच ठरतं. माझं बेसिक 24,000 आणि ग्रॉस 40,000. म्हणजे 3 दिवसांचे बेसिकवर 2,400, ग्रॉसवर 4,000. दिवस कमी करणं कंपनीच्या मर्जीवर असेल असंही काही ठिकाणी लिहिलेलं असतं. तिथे पैसे भरतो म्हटलं तरी नकार येऊ शकतो. म्हणून पत्रात विनंतीचाच सूर ठेवा, ‘मी जाणारच’ हा नको.

साहेब तोंडी "बघू, होऊन जाईल" म्हणाले तर त्यावर विसंबून पुढची तारीख पक्की करू नका. मेलवर तारखेसह उत्तर घ्या. रिलीव्हिंग लेटरवर आणि पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तीच तारीख लागली पाहिजे. जुन्या कंपनीने 1 ऑगस्ट टाकली आणि तुम्ही 22 जुलैला रुजू झालात, तर दोन नोकऱ्या एकमेकींवर चढतात आणि पीएफ ट्रान्सफर करताना डोकेदुखी होऊ शकते.

मला मंजुरी चार दिवसांनी आली, एका ओळीची. अंतिम हिशेबात मात्र त्यांनी 4,000 कापले. मी नियुक्तीपत्राच्या त्या पानाचा फोटो पाठवला, 1,600 परत आले.