नॉकआउटमध्ये मॅच नाही, हरलेल्या टीम मोजा

प्रश्न: नॉकआउट स्पर्धेत कितीही टीम असल्या तरी मॅच बरोब्बर एकने कमीच कशा होतात? ३७ सारखा विषम आकडा असला की बाय द्यावे लागतात, म्हणजे एखादी टीम न खेळताच पुढच्या राउंडला जाते, तरी हिशोब जुळतो कसा?

उत्तर: मी पण आधी राउंडप्रमाणेच मोजायचो. ३७ टीम, पहिल्या राउंडला १८ मॅच आणि एकीला बाय, उरल्या १९, मग ९ मॅच आणि परत एक बाय, उरल्या १०, मग ५ मॅच, मग उरलेल्या ५ मध्ये २ मॅच आणि एक बाय, मग तिघींत १ मॅच, आणि शेवटी फायनल. १८+९+५+२+१+१ = ३६. उत्तर येतं, पण का आलं ते कळत नाही, योगायोगच वाटतो.

आता राउंड विसरा आणि फक्त बाहेर पडणाऱ्या टीमकडे बघा. प्रत्येक मॅचमध्ये एक टीम हरते आणि तिचा खेळ संपतो. एकच हं, दोन नाही आणि शून्यही नाही. ती परत येत नाही, त्यामुळे दोनदा हरायचा प्रश्नच नाही, आणि हरल्याशिवाय कोणी बाहेरही पडत नाही. म्हणजे प्रत्येक मॅचवर तिथे हरलेल्या टीमचं नाव लिहिलं तर एका मॅचवर एकच नाव आणि एक नाव एकाच मॅचवर. न हरलेली फक्त चॅम्पियन, बाकी ३६ जणी एकेकदा हरल्या, म्हणून मॅच ३६.

बायमध्ये कोणी हरतच नाही, म्हणून तो मोजणीत येतच नाही. खरं तर ड्रॉ काढताना सगळे बाय बहुतेक पहिल्याच राउंडला देतात, ३७ ला ६४ चा ड्रॉ घेतात म्हणजे २७ बाय आणि उरलेल्या १० टीमच्या फक्त ५ मॅच, मग ३२ टीम राहतात आणि पुढे १६+८+४+२+१. बेरीज परत ३६! अगदी एकच टीम मैदानात ठेवून बाकीच्यांना एकेक करून जिंकणाऱ्याशी भिडवलंत (वेडेपणाच आहे तो) तरी ३६ च.

हिशोब बिघडतो तो "एक मॅच, एक टीम बाहेर" हे मोडलं की. २०२२ च्या फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये नॉकआउटला १६ टीम होत्या, पण मॅच १५ नाही, १६ झाल्या, कारण तिसऱ्या नंबरची मॅच, ज्यात आधीच सेमीफायनल हरलेल्या दोघी खेळतात आणि एक दुसऱ्यांदा हरते. बरोबरी झाली म्हणून मॅच परत खेळवली तरी एक वाढते, कारण पहिल्या वेळी कोणी बाहेर पडलंच नाही. वॉकओव्हरला उलटं, टीम बाहेर जाते पण मॅच होत नाही, म्हणजे वेळापत्रकात ३६ आणि प्रत्यक्ष खेळलेल्या ३५.

आणि दोनदा हरल्यावर बाहेर असा नियम असेल तर याच पद्धतीने हरण्याची मोजणी करा: ३६ टीम प्रत्येकी दोनदा म्हणजे ७२, आणि चॅम्पियन स्वतः एकदा हरली असेल तर ७३.