१५ रुग्ण, ६० दात: थीसिसमध्ये सॅम्पल साइझ नेमका कशाचा मोजायचा?

प्रश्न: पेरिओमध्ये पीजी करतोय. थीसिससाठी स्केलिंग-रूट प्लेनिंगनंतर पॉकेटमध्ये जेल घालून, तीन महिन्यांनी नुसत्या स्केलिंगशी तुलना करायची आहे. १५ रुग्ण घेऊन प्रत्येकाचे ४ दात मोजले तर सॅम्पल ६० होतो ना? आणि शेवटी टेस्ट कोणती लावू?

उत्तर:

नाही, तुमचा सॅम्पल १५चाच राहतो. एका माणसाच्या तोंडातले चार दात एकाच सवयीने घासले जातात आणि त्यांना लाळ, मधुमेह, तंबाखू सगळं एकच असतं. त्यामुळे चारही पॉकेट साधारण एकत्रच सुधारतात किंवा एकत्रच अडून बसतात, आणि चौथा दात मोजून नवी माहिती फारच थोडी मिळते. किती थोडी, तेही मांडता येतं. एका रुग्णाच्या दातांमधलं साम्य (आयसीसी) ०.४ धरलं तर चार दातांसाठी डिझाइन इफेक्ट १ + ३ × ०.४ = २.२ येतो, म्हणजे ६० दातांचं वजन जेमतेम २७ स्वतंत्र दातांइतकं. तरीही ६० आकडे थेट टी-टेस्टमध्ये घातले तर पी व्हॅल्यू खोटीच लहान येते. दंतवैद्यकाच्या थीसिसमध्ये ही चूक सर्रास होते. परीक्षकाने 'एन कशाचा?' एवढं विचारलं की सगळा रिझल्ट चॅप्टर डळमळतो.

म्हणून आधी एक वाक्य पक्कं लिहून ठेवा: जेल रुग्णाला वाटून देणार की दाताला? ज्याला वाटून देता, त्याचीच संख्या मोजायची.

सरळ मार्ग म्हणजे दोन वेगळे गट. रुग्ण चिठ्ठीने एका गटात जातो, त्याच्या निवडलेल्या पॉकेटमधल्या घटीची सरासरी काढायची, आणि एका रुग्णाचा एकच आकडा विश्लेषणात जातो. सॅम्पल साइझसाठी दोनच गोष्टी ठरवायच्या असतात. पहिली, दोन गटांत किती फरक पडला तर डॉक्टर उपचार बदलतील? इथे ०.६ मिमी धरू. दुसरी, पॉकेट डेप्थमधल्या घटीचं रुग्णा-रुग्णांमधलं स्टँडर्ड डेव्हिएशन, समजा ०.८ मिमी. हे तुमच्यासारख्याच रुग्णांवरच्या, तितक्याच कालावधीच्या जुन्या अभ्यासातून किंवा स्वतःच्या पायलटमधून घ्यायचं. लक्षात ठेवा, घटीचं एसडी हवंय, सुरुवातीच्या डेप्थचं नव्हे.

```
n = 2 × (1.96 + 0.84)² × 0.8² / 0.6² = 27.9
```

१.९६ हा ५ टक्के अल्फासाठी, ०.८४ हा ८० टक्के पॉवरसाठी. प्रत्येक गटात २८ रुग्ण आले. G*Power किंवा आर मात्र २९ सांगेल. त्यात चूक काही नाही. सॉफ्टवेअर टी-डिस्ट्रिब्यूशन वापरतं, म्हणून एखादा रुग्ण वाढतो. मोठा आकडा घ्या.

```
power.t.test(delta = 0.6, sd = 0.8, sig.level = 0.05, power = 0.80)
```

तीन महिन्यांत २० टक्के रुग्ण परत येणार नाहीत असं धरलं तर २९ ला ०.८ ने भागा: ३६.२५, म्हणजे ३७. इथे बरेच जण १.२ ने गुणून ३५ लिहितात. पण ३५ मधले ७ गळाले की २८ उरतात आणि तुम्ही एकाने कमी पडता. तेव्हा गटात ३७, एकूण ७४.

एसडी घेताना एक सापळा आहे. काही पेपरांत सरासरीपुढे ± करून दिलेला आकडा एसडी नसून स्टँडर्ड एरर असतो. २५ रुग्णांच्या गटात तो ०.१६ असेल तर एसडी ०.१६ × √२५ = ०.८. तुम्ही ०.१६ तसाच सूत्रात टाकला तर उत्तर येईल १.१, म्हणजे गटात दोन रुग्ण! असा हास्यास्पद आकडा आला की टेबलाखालची टीप पुन्हा वाचा.

दुसरा सापळा जास्त मोहात पाडतो: रुग्ण कमी हवेत म्हणून फरकच मोठा धरायचा. ०.६ ऐवजी १ मिमी धरला की सूत्राने २८ चे ११ होतात, आणि ०.३ धरला तर ११२. पण नुसत्या स्केलिंगवर जेलने आणखी एक पूर्ण मिलिमीटर घट मिळेल असं मानायला आधार नसेल, तर ११ रुग्णांचा अभ्यास खरा फरक असूनही 'फरक नाही' असं सांगून संपेल.

आता स्प्लिट-माउथचा विचार तुमच्या मनात येईलच: एका बाजूला जेल, दुसऱ्या बाजूला नुसतं स्केलिंग. तुलना त्याच माणसात होते. दोन बाजूंमधला सहसंबंध ०.५ असेल तर १६ रुग्ण पुरतात, गळती धरून २०. कागदावर फार छान दिसतं. पण जेल जागेवर थांबत नाही. ते क्रेव्हिक्युलर फ्लुइडबरोबर बाहेर येतं, लाळेत मिसळतं आणि दुसऱ्या बाजूलाही थोडं पोचू शकतं. मग कंट्रोल बाजूही सुधारते आणि फरक पुसट होतो. शिवाय दोन्ही बाजूंना सारखी पॉकेट असलेले रुग्ण शोधावे लागतात. औषधी जेल असेल तर माझं मत दोन वेगळ्या गटांचंच आहे. नुसत्या क्युरेटची किंवा टिपची तुलना असती तर मी स्प्लिट-माउथच सुचवलं असतं.

मोजणीबद्दल थोडंच. प्रोबवर खुणा १ मिमीच्या आणि तुम्ही शोधताय ०.६, त्यामुळे हात स्थिर हवा. ॲक्रिलिक स्टेंटवर खाच करून प्रोब दर वेळी तिथूनच घाला. सुरुवातीला १० रुग्ण थोड्या वेळाच्या अंतराने दोनदा मोजून जुळणी तपासा. जेल घालणारा आणि मोजणारा वेगळा ठेवा.

टेस्ट साधीच. दोन गटांच्या घटीवर अनपेअर्ड टी-टेस्ट, किंवा त्याहून चांगलं म्हणजे सुरुवातीची डेप्थ कोव्हेरिएट घेऊन अँकोव्हा. आकडे फारच एका बाजूला झुकलेले असतील तर मॅन-व्हिटनी. एक मात्र टाळा: प्रत्येक गटात वेगळा पेअर्ड टी-टेस्ट लावून 'जेल गटात पी ०.०३, दुसऱ्यात ०.०८, म्हणून जेल चांगलं' असं लिहिणं. त्यात दोन गटांची तुलना झालेलीच नसते. स्केलिंगने दोन्ही गट सुधारणारच, प्रश्न त्यांच्यातल्या फरकाचा आहे. तो फरक मिलिमीटरमध्ये, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हलसह द्या.

सिनॉप्सिस देण्याआधी दोन आठवडे ओपीडीत वही ठेवा आणि निकषांत बसणारे, शिवाय तीन महिन्यांनी यायला तयार असणारे रुग्ण मोजा. आठवड्याला दोन मिळाले तर ७४ जणांना ३७ आठवडे, वर शेवटच्या रुग्णाचे १३ आठवडे, असे एकूण ५० लागतील. तेवढा वेळ नसेल तर वयाचे किंवा पॉकेट डेप्थचे निकष थोडे सैल करता येतील का, किंवा दुसऱ्या विभागातून रुग्ण मिळतील का, हे गाइडशी आत्ताच बोलून घ्या. ०.६ ला हात लावू नका.