लेखकासोबत फीडबॅकचा कॉल: आधी किती पानं वाचायला द्यायची?

प्रश्न: पहिल्यांदाच एका कादंबरीचं संपादन करतेय. लेखक न्यू जर्सीला असतात, वयाने बरेच मोठे. 240 पानं, 1982 चा गिरणी संप, निवेदन कामगाराच्या लहान मुलीच्या तोंडून. मुख्य अडचण ही की मुलीला जे माहीत असणं शक्यच नाही तेही ती सांगते. कॉल कसा ठरवू? सगळी मार्क केलेली फाईल आधी पाठवू का?

उत्तर:

सगळी फाईल आत्ता अजिबात पाठवू नका. 240 पानं लाल झालेली बघितली की माणूस पान एकपासून दुरुस्त्या करायला बसतो, स्वल्पविराम, ऱ्हस्व-दीर्घ, आणि कॉलच्या दिवशी त्यांच्याकडे वेगळीच फाईल असते आणि तुमच्याकडे वेगळी. वर ज्या प्रकरणांचं शुद्धलेखन त्यांनी मन लावून नीट केलं तीच उद्या काढायची ठरली तर त्यांना किती वाईट वाटेल. शुद्धलेखन शेवटी. हा कॉल फक्त निवेदनाच्या प्रश्नावर ठेवा.

मी असं करते, आधी दीड-दोन पानांचं पत्र, त्यात कादंबरीत काय जमलंय ते नेमकं लिहायचं (कुठला प्रसंग, का) आणि मग अडचण एकच. सोबत 25-30 पानं, जिथे ती अडचण ठळक दिसते ती. तुमच्या केसमध्ये मी तीन तुकडे निवडेन. पहिला, मुलगी चाळीच्या जिन्यात बसून मोठ्यांचं बोलणं ऐकते असा एखादा प्रसंग असेलच, जिथे निवेदन अगदी बरोबर आहे. दुसरा, बंद दाराआडची युनियनची मीटिंग, जिथे ती नाहीच आहे पण संवाद शब्दन् शब्द सांगते. तिसरा, जिथे ती एकदम मोठ्या बाईसारखं संपाचं विश्लेषण करते. चांगला तुकडा आधी वाचायला द्या, कारण तो त्यांनीच लिहिलेला आहे, मग दुसऱ्यात काय बिघडलं ते तुम्हाला समजावत बसावं लागत नाही, त्यांना स्वतःलाच दिसतं.

प्रत्येक तुकड्याच्या वर एकच प्रश्न लिहा. मीटिंगसाठी "हे तिला कोणी सांगितलं?" एवढा पुरे. उत्तर "वडिलांनी नंतर सांगितलं" असं आलं तर तो सांगण्याचा प्रसंग लिहावा लागेल. "ती आता पन्नाशीची आहे आणि मागे वळून बघतेय" असं आलं तर तिसरा तुकडाही बराचसा सुटतो, पण मग पहिल्या प्रकरणापासून त्या वयाची चाहूल हवी. उत्तरच नसेल तर मीटिंग काढायची किंवा तिला दाराबाहेर उभी करायची. निवड लेखकाची, पण तिन्ही वाटांनी किती प्रकरणं हलतात ते तुम्ही आधी काढून ठेवा, कॉलवर ते विचारणारच.

आता पानांची एक कटकट. वर्डची फाईल पाठवली तर तुमच्याकडचा फॉन्ट त्यांच्याकडे नसला की दुसरा लागतो आणि पानं सरकतात, तुमचं 112 त्यांचं 117 होतं, फोनवर उघडली तर विचारूच नका. म्हणून वाचायची पानं PDF करून द्या, आणि त्याआधी वर्डमध्ये Layout मधून Line Numbers मध्ये Restart Each Page निवडा म्हणजे "पान 112, ओळ 9" म्हटलं की दोघंही एकाच ओळीवर. वयस्कर लेखक पुष्कळदा प्रिंट काढून वाचतात, त्यांना तर हे फारच सोयीचं पडतं.

वेळ दोन्हीकडची लिहा, वारासकट. उन्हाळ्यात आपण साडेनऊ तास पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की साडेदहा. पानं आणि कॉल यात पाच-सहा दिवस आणि मधे एक वीकेंड तरी असू दे. मेसेज साधा ठेवा:

"नमस्कार सर, सोबत माझं पत्र आणि 28 पानं पाठवतेय. प्रत्येक भागाच्या वर एक प्रश्न आहे, वाचताना सुचेल ते समासात लिहून ठेवा, पण कॉलपर्यंत मूळ फाईलमध्ये बदल नको, ही विनंती. पुढच्या शनिवारी तुमच्याकडे सकाळी 10 (इकडे संध्याकाळी 7.30) किंवा रविवारी त्याच वेळी, कधी सोयीचं? साधारण सव्वा तास लागेल. बाकीची मार्क केलेली फाईल आपलं बोलणं झाल्यावर पाठवते."

आदल्या दिवशी "पानं उघडली ना नीट?" एवढंच विचारा. वाचून झाली नसतील तर कॉल सरळ पुढे ढकला, कारण न वाचता झालेल्या कॉलमध्ये तुम्ही सांगत बसता आणि ते बचाव करत बसतात, आणि शेवटी "बघतो" यावर संपतं. कॉल नीट झाला तर जे ठरलं ते त्याच दिवशी मेलवर लिहून टाका, कुठलं प्रकरण, काय बदल, कधीपर्यंत, आणि त्यांचं "बरोबर आहे" आलं की मग ती लाल फाईल पाठवा, पण जी प्रकरणं आता नव्याने लिहायची आहेत त्यातल्या खुणा काढून.