गावात शॉर्टफिल्म: शूटिंगआधी कोणते कागद हवेत?

प्रश्न: यवतमाळकडे शॉर्टफिल्म करतोय. लिहून दिलेल्या मुलाखती, आठवडी बाजाराचा सीन आणि शेवटी तुकडोजी महाराजांचं भजन आहे. आधी कोणते कागद करून ठेवू?

उत्तर: भजनापासून सुरुवात करा, त्याला वेळ लागतो. गीतावरचा हक्क रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो, आणि मोजणी पुढच्या वर्षापासून होते. महाराज १९६८ साली गेले, म्हणजे २०२८ संपेपर्यंत त्यांच्या शब्दांवर हक्क आहे. गावच्या मंडळानं खंजिरीवर गायलं तरी हक्कदाराची लेखी परवानगी लागेल, गाणाऱ्यांची संमती वेगळी. तयार रेकॉर्डिंग घेतलं तर ज्याच्याकडे त्याचे हक्क आहेत त्याचाही परवाना हवा. परवान्यात यूट्यूब, महोत्सव, मुदत हे स्पष्ट लिहून घ्या.

मुलाखतीच्या संमतिपत्रात ‘वाक्यं लेखकाची आहेत, मी भूमिका करतोय’ ही ओळ हवीच. नाहीतर पडद्यावर कर्जाबद्दल बोलणारा शेतकरी गावात खरोखरचा कर्जबाजारी ठरतो. पत्र मराठीत असू द्या. वाचता येत नसेल तर मोठ्यानं वाचून दाखवा, अंगठा आणि साक्षीदाराची सही घ्या, आणि तेवढंच मोबाईलवर शूटही करा. लहान मुलांसाठी पालकांची सही.

बाजारासाठी ग्रामपंचायतीचं पत्र आणि पोलीस ठाण्यात अर्ज. मात्र त्या पत्रानं दुकानदारांची संमती मिळत नाही. ज्याचा चेहरा जवळून दिसेल त्याची सही वेगळी घ्या. भोंग्यावर सिनेमाचं गाणं चालू असेल तर शॉटपुरतं बंद करायला सांगा. एडिटिंगमध्ये ते संवादाखालून सहज निघत नाही.