व्हिडिओ सर्चमध्ये कितव्या नंबरवर येतो ते शीटमध्ये कसं ठेवायचं?

प्रश्न: यूट्यूबवर माझा उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ आहे, तो सर्चमध्ये कितवा येतो हे दर आठवड्याला लिहून ठेवायचंय, सोपी शीट कशी करू?

उत्तर: डाव्या कॉलममध्ये पाच-सहा फ्रेझ लिही, वर तारखा, आणि शेवटी एक कॉलम ‘काय बदललं’. ‘उकडीचे मोदक’ आणि `ukadiche modak` या दोन वेगळ्या ओळी ठेव, कारण रिझल्ट सारखे येतीलच असं नाही. दर रविवारी इनकॉग्निटोमध्ये, लॉगिन न करता, त्याच डिव्हाइसवर शोधायचं, नाहीतर स्वतःचाच व्हिडिओ वर दिसतो आणि आपण उगाच खूश होतो 😄. मोजताना जाहिराती आणि शॉर्ट्स सोडून दे, पहिल्या ३० मध्ये नसेल तर सरळ ‘३०+’ लिही, रकाना रिकामा ठेवला तर नंतर कळत नाही की बघितलंच नव्हतं की सापडला नव्हता.

समजा ८ वरून ११ वर गेला, तर लगेच टायटल बदलू नको, एवढं इकडेतिकडे होतंच. सलग तीन आठवडे घसरला तरच बघ, आणि त्यातही एकच फ्रेझ घसरली असेल तर बहुतेक तिथे कुणाचातरी नवा व्हिडिओ वर आलाय, सगळ्याच घसरल्या तर ‘काय बदललं’मध्ये थंबनेल वगैरे काही लिहिलंयस का ते बघ. गणपतीच्या आसपासचे आकडे मात्र वेगळ्या रंगात ठेव, तेव्हा सगळेच मोदक टाकतात.