दूध संकलनाच्या मासिक ईमेलमध्ये टक्के, दशांश आणि एकके

प्रश्न: मी एका दूध डेअरीत संकलन केंद्रांचा मासिक कामगिरी अहवाल ईमेलने पाठवते. कुठे लिटर, कुठे किलो, कुठे 3.9, कुठे 0.41%. वरिष्ठ म्हणतात आकडे जुळत नाहीत. सगळं एकसारखं कसं लिहायचं?

उत्तर:

सुरुवात लिटर-किलोपासून करा. तुमचे आकडे जुळत नसतील तर बहुतेक वेळा गडबड इथेच असते. गावातल्या केंद्रावर दूध मापाने, म्हणजे लिटरमध्ये घेतलं जातं आणि टँकर डेअरीत आला की वजनकाट्यावर किलोत मोजला जातो. एक लिटर दुधाचं वजन साधारण 1.03 किलो भरतं. हा फरक लहान वाटतो, पण आपल्याला पकडायची असते ती घट याहून कितीतरी लहान असते.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. दोन केंद्रं धरा, एकाचं रोजचं दूध 1,200 लिटर आणि दुसऱ्याचं 400 लिटर. मार्चच्या 31 दिवसांत मिळून 49,600 लिटर झालं. डेअरीच्या काट्यावर महिन्याची आवक 50,880 किलो. हे दोन आकडे शेजारी ठेवून वजाबाकी केली तर वाटेत दूध 1,280 ने वाढलं असं दिसतं, म्हणजे अडीच टक्क्यांहून जास्त. तेच 49,600 ला 1.03 ने गुणा. पाठवलेलं दूध 51,088 किलो होतं आणि 208 किलोची, म्हणजे 0.41 टक्क्यांची घट समोर येते. ज्या अहवालात टँकरची चौकशी करायला हवी होती, तिथे एककाच्या घोळामुळे वाढ दिसत होती.

म्हणून संकलन लिटरमध्ये दाखवा, कारण केंद्रचालक आणि उत्पादक त्याच भाषेत बोलतात. पण घट, फॅट किलो आणि एसएनएफ किलो यांचा हिशेब फक्त किलोवर करा. अहवालाच्या तळाशी एक ओळ कायमची ठेवा: ‘1 लिटर = 1.03 किलो धरले आहे.’ तुमची डेअरी दुसरा गुणक वापरत असेल तर तो लिहा, फक्त महिन्यागणिक बदलू नका. वरच्या उदाहरणात सरासरी फॅट 3.9 असेल तर 51,088 किलोवर 1,992 किलो फॅट येते. चुकून 49,600 वर टक्के काढले तर 1,934 किलो. फरक 58 किलो फॅटचा आहे, आणि तो लोण्या-तुपाच्या ताळेबंदात कुठेतरी निघणारच.

ही 3.9 कुठून आली तेही बघा. पहिल्या केंद्राची फॅट 3.8 लागली, दुसऱ्याची 4.2. दोन्हींची बेरीज करून दोनाने भागलं तर 4.0 येते आणि ती चूक आहे, कारण पहिल्या केंद्राचं दूध तिप्पट आहे. प्रत्येकाची फॅट त्याच्या दुधाने गुणून, बेरजेला एकूण दुधाने भागलं की 3.9 मिळते. टक्क्यांची सरासरी अहवालात जिथे जिथे येते तिथे हाच नियम पाळा आणि रकान्याला ‘भारित सरासरी फॅट (%)’ असं नाव द्या.

आता दशांश. सगळीकडे दोन दशांश असा सरसकट नियम करू नका. फॅट आणि एसएनएफ एका दशांशात लिहा, कारण दरपत्रक 3.5, 3.6, 3.7 असंच चढतं. केंद्रावरच्या मोजणीतून आलेली सरासरी 3.87 लिहिली तरी तिच्यात जास्त माहिती नसते. घट मात्र दोन दशांशांत हवी. 0.36 आणि 0.44 या दोन्ही घटी एका दशांशात 0.4 होतात, आणि कोणत्या टँकरकडे बघायचं तेच कळत नाही. लिटर-किलो पूर्णांकात. एका रकान्याचे दशांश वरपासून खालपर्यंत आणि दर महिन्याला तेवढेच राहिले पाहिजेत. 4 नाही, 4.0. हिशेब पूर्ण आकड्यावर करा आणि पूर्णांकन फक्त दाखवताना करा.

एक्सेलमधून ईमेलमध्ये येताना दोन गोष्टी हमखास फसतात. एक म्हणजे फॅट आपण 3.9 अशीच टाइप करतो, पण घट सूत्रातून येते आणि आत 0.0041 अशी असते. सगळ्या रकान्यांना एकदम टक्क्यांचं फॉरमॅट लावलं की फॅट 390% होते. फॅटला साधा आकडा ठेवा आणि % हे चिन्ह शीर्षकात द्या. दुसरं, मजकुराचं वाक्य & लावून जोडलं की सेलचं फॉरमॅट सोबत येत नाही, 0.00407140… अशी शेपटी येते. तिथे TEXT वापरा:

```
="सरासरी फॅट "&TEXT(F12,"0.0")&"%, घट "&TEXT(G12,"0.00%")
```

लाखाच्या पुढचे आकडे असतील तर स्वल्पविरामही पाहून घ्या. संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगप्रमाणे 1,48,800 किंवा 148,800 दिसतं. दोन जणांच्या तक्त्यांतून एक ईमेल बनत असेल तर दोन्ही प्रकार त्यात येतात.

मागच्या महिन्याशी तुलना करताना जास्त जपा. फेब्रुवारीत घट 0.30 टक्के होती, मार्चमध्ये 0.41. ‘घट 0.11 टक्क्यांनी वाढली’ असं लिहिलं तर काहीच झालं नाही असं वाटतं, ‘घट 36 टक्क्यांनी वाढली’ असं लिहिलं तर डेअरीत धावपळ होते. दोन्ही एकाच गोष्टीबद्दल आहेत. ‘घट 0.30% वरून 0.41% वर गेली’ असं लिहा, वाचणारा स्वतः ठरवेल. फॅटचंही तसंच. केंद्रावर ‘फॅट दोन पॉइंटने उतरली’ म्हणतात तेव्हा ती 4.1 वरून 3.9 झालेली असते, पण हिशेब विभागातला नवीन माणूस दोन पॉइंट म्हणजे 2 टक्के समजू शकतो. बोलताना पॉइंट ठीक आहे, ईमेलमध्ये आधीचा आणि आताचा आकडा द्या.

संकलनाची तुलना मात्र रोजच्या सरासरीवर करा. याच दोन केंद्रांनी फेब्रुवारीच्या 28 दिवसांत 44,800 लिटर दिलं असेल तर मार्चमध्ये 10.7 टक्के वाढ दिसते. प्रत्यक्षात दोन्ही महिन्यांत रोजचं दूध 1,600 लिटरच आहे.

मी मजकुराचा भाग असा ठेवतो:

‘मार्च. संकलन 49,600 लिटर (रोज सरासरी 1,600 लिटर, फेब्रुवारीत 1,600). भारित सरासरी फॅट 3.9%. पाठवलेलं दूध 51,088 किलो, काट्यावर 50,880 किलो. घट 208 किलो, 0.41% (फेब्रुवारीत 0.30%).’

तक्ता याच्या खाली. बरेच जण ईमेल फोनवर उघडतात, तक्ता सरकवला की शीर्षक नजरेआड जातं आणि 208 म्हणजे लिटर की किलो हे कळत नाही. वाक्यात एकक आकड्याला चिकटून असतं.

पुढच्या महिन्यापासून हे सुरू करणार असाल तर मागच्या महिन्याचा रकानाही नव्या पद्धतीने पुन्हा काढा आणि ‘फेब्रुवारीचे आकडे किलोवर पुन्हा काढले आहेत’ असं त्याच ईमेलमध्ये लिहा. नाहीतर जुन्या ईमेलमधला फेब्रुवारी आणि नव्यातला फेब्रुवारी वेगळे दिसतील आणि तुम्हाला पुन्हा तेच ऐकावं लागेल.